काकांच्या स्क्रीनशॉटचे भाषांतर : नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका

या कामासाठी कोणतीही पदवी लागत नाही. घरात तुमचे इंग्रजी त्यातल्या त्यात बरे आहे, अशी एकदा अफवा पसरली की नेमणूक झालीच. पगार नाही, रजा नाही आणि कामाची वेळ साधारण रात्री पावणेआठच्या पुढे. तेव्हा फॅमिली ग्रुपवर काकांचा एक स्क्रीनशॉट येतो आणि खाली एवढेच लिहिलेले असते : ‘बँकेचा मेसेज आलाय. जरा मराठीत सांग गं. दाबू का?’

पहिले उत्तर भाषांतराचे नाही. पहिले उत्तर ‘काका, दाबू नका, बघतेय’ हे आहे. ते आधी पाठवा, मग चष्मा शोधा.

सरावासाठी हा नमुना घ्या. लिंकमधली नावे बदललेली आहेत, बाकीचा नमुना अशा मेसेजांच्या वळणाचाच आहे :

```
Dear Custumer, Your Bank Account will be
BLOCK Today 8:30 PM due to PAN not update.
Kindly Update immediate
http://mybank.bank.in.pan-kyc.example/u
or call Bank Manager 98XXXXXXXX
```

नवशिका भाषांतरकार इथे जी चूक करतो ती चांगुलपणाची असते. तो लिहितो : ‘प्रिय ग्राहक, पॅन तपशील अद्ययावत नसल्याने आपले खाते आज रात्री ८.३० वाजता बंद करण्यात येईल. कृपया त्वरित पूर्तता करावी.’ वा! मूळ मेसेजात नव्हता तेवढा सरकारी रुबाब तुम्ही फुकटात पुरवलात. हे वाचून काका पॅनकार्ड शोधायला उठतील. भामट्याला जे जमले नाही ते तुमच्या शुद्धलेखनाने करून दाखवले.

तेव्हा या प्रकारात चांगले भाषांतर म्हणजे वाईट भाषांतर. मूळ जिथे लंगडते तिथे मराठीनेही लंगडावे : ‘प्रिय ग्रहाक, तुमचे बँक खाते आज ८.३० ला ब्लॉक असणार, कारण पॅन अपडेट नाही. कृपया अपडेट तातडीचे.’ आता काकाच म्हणतील, ‘हे कोण लिहितं गं असलं?’ हा प्रश्न त्यांना पडला की निम्मे काम झाले.

निम्मेच, कारण व्याकरणाच्या चुकांवर फार विसंबू नका. खऱ्या बँकांचे मेसेजही शब्दांची काटकसर करता करता विचित्र होतात आणि हल्ली भामटेही बिनचूक लिहितात. चुका दिसल्या तर संशय घ्या, पण दिसल्या नाहीत म्हणून निर्धास्त होऊ नका.

त्यापेक्षा मेसेजात काय नाही ते बघा. ‘युवर बँक अकाउंट’ म्हणजे कुठल्या बँकेतले? नाव नाही. खात्याचे शेवटचे तीन-चार आकडे नाहीत. काकांचे नाव नाही. बँकेचे नाव टाळले की एकच मजकूर कोणत्याही बँकेच्या खातेदाराला चालतो. भाषांतर करताना ही रिकामी जागा तुम्ही भरू नका. ‘तुमच्या त्या नाक्यावरच्या बँकेतलं खातं’ असे प्रेमाने लिहिलेत, तर काकांना मेसेज खरा वाटायला तुम्हीच मदत केलीत.

मग वेळ. आज, साडेआठ. साडेआठला शाखा बंद असते, विचारायला कोणी नसते, म्हणूनच ही वेळ. केवायसी ठरावीक मुदतीने नव्याने करावी लागते हे खरेच आहे, पण ती मुदत वर्षांत मोजतात. जास्त जोखमीच्या ग्राहकांना निदान दोन वर्षांतून एकदा, मध्यम जोखमीच्यांना आठ आणि कमी जोखमीच्यांना दहा वर्षांतून एकदा. त्यातही रिझर्व्ह बँकेच्या २०२५ च्या सुधारणेनुसार बँकेने मुदतीआधी किमान तीन वेळा कळवायचे आहे आणि त्यातले एक तरी पत्राने. काकांना विचारा, पत्र आले होते का? पत्रपेटीतले लग्नाच्या पत्रिकेशिवाय दुसरे काही त्यांना आठवणार नाही.

आता लिंक. ती भाषांतरित करायची नाही, वाचायची आहे, आणि उलटी. `http://` च्या पुढे जी पहिली एकेरी तिरकी रेघ येते तिथे बोट ठेवा आणि डावीकडे सरका. रेघेला चिकटून जे आहे ते मालकाचे नाव. आपल्या नमुन्यात तिथे `pan-kyc.example` आहे. त्याच्या आधीचे `mybank.bank.in` म्हणजे दाराबाहेर लावलेली दुसऱ्याच्या नावाची पाटी. रिझर्व्ह बँकेने बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत `.bank.in` या पत्त्यावर जायला सांगितले, आणि तो पत्ता फक्त बँकांनाच मिळतो. पण ही अक्षरे लिंकमध्ये नुसती असून भागत नाही, त्या पहिल्या रेघेच्या लगेच आधी असावी लागतात. हे काकांना फोनवर समजावू नका. समोर बसून त्यांचेच बोट धरून दाखवा.

एक तांत्रिक सूचना, जी अनुभवी लोकही विसरतात. स्क्रीनशॉट हे चित्र असते, ग्रुपवर ते दाबले तर फक्त मोठे होते. त्यातली लिंक तुम्ही कष्टाने टाइप करून ‘ही बघा, ही खोटी आहे’ असे लिहिलेत, की ती निळी होते, जिवंत होते, आणि आत्याचा अंगठा तिच्यावर पडतो. लिहायचीच वेळ आली तर मध्ये मोकळ्या जागा सोडून तोडून लिहा.

राहिला पाठवणारा. काकांनी स्क्रीनशॉट नेमका वरून कापलेला असतो. ‘वरचं पण दिसू द्या’ असे सांगून दुसरा मागवा. बँकेचा मेसेज साध्या दहा आकडी मोबाइल नंबरवरून येत नाही. तिथे इंग्रजी अक्षरांचा शीर्षक-संकेत असतो आणि २०२५ पासून त्याच्या शेवटी एक अक्षर जोडलेले असते. व्यवहाराच्या मेसेजला `-T`, सेवेच्या मेसेजला `-S`, जाहिरातीला `-P` आणि सरकारी मेसेजला `-G`. इथे वर दहा आकडी नंबर निघाला तर पुढचे वाचायचीही गरज नाही. मेसेजातल्या ‘बँक मॅनेजर’च्या नंबरवर खात्री करायला फोन करणे, हा खात्री करण्याचा प्रकार नव्हे. नंबर पासबुकावरचा किंवा कार्डाच्या मागचा घ्या.

कधी कधी मात्र स्क्रीनशॉट उशिरा येतो आणि दुसरा निरोप असतो : ‘दाबलं गं, आता काय?’ नुसते दाबून बंद केले असेल तर रागावू नका. पॅन, पासवर्ड, ओटीपी भरला असेल किंवा एखादे अॅप उतरवून घेतले असेल, तर त्यांचा फोन आधी फ्लाइट मोडवर टाका. असली अॅप आलेले ओटीपी परस्पर भामट्याकडे पाठवतात. मग दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा आणि १९३० वर तक्रार नोंदवा. भाषांतर, चर्चा आणि ‘मी सांगितलं होतं’ हे सगळे नंतर. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार ग्राहकाने स्वतःच माहिती देऊन टाकली असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे आणि कळवल्यानंतरचे बँकेचे.

१९३० आणि बँकेचा खरा नंबर काकांच्या फोनमध्ये आजच, तुमच्या हाताने, मोठ्या अक्षरांत सेव्ह करून द्या.