चार्ज देताना

मॅडम, साहेबांनी मला बजावलंय की स्क्रीनिंगचा चार्ज देताना नोट एका पानाची हवी. एका पानात नियम मावतात. अपवाद मावत नाहीत, आणि आपल्याकडे खरं काम त्यांचंच असतं. तेव्हा साहेबांना पहिलं पान दाखवा आणि उरलेली तुमच्या ड्रॉवरमध्ये ठेवा. मीही माझ्या आधीच्या माणसाची नोट तशीच ठेवली होती.

ऑफिसातल्या जागांसाठी मी काही लिहीत नाही. अकाउंटंट हवा अशी नुसती कुणकुण लागली की दुसऱ्या दिवशी मेलबॉक्स तुंबतो. चाकणमध्ये बारा महिने तेरा काळ न भरणारी जागा एकच: सीएनसी लेथचा सेटर. बटण दाबणारे ऑपरेटर मिळतात. पण नवा जॉब लावायचा, टूल बसवायचं, पहिला पीस मापात काढून क्वालिटीकडून पास करून घ्यायचा आणि मग मशीन ऑपरेटरच्या ताब्यात द्यायचं, हे सगळं करणारा माणूस एका हाताच्या बोटांवर मोजावा लागतो. ही नोट त्याच्यासाठी आहे.

मार्क शंभर. कामाचे चाळीस, शिक्षणाचे वीस, टिकून राहण्याचे पंधरा, अंतराचे पंधरा, लवकर रुजू होण्याचे दहा. पासष्टच्या वर गेला तर शॉपवर ट्रायलला बोलवायचं. पंचावन्न ते पासष्ट म्हणजे होल्ड. होल्ड हा शब्द साहेबांना फार आवडतो, कारण त्यात कोणाला नाही म्हणावं लागत नाही. पंचावन्नच्या खाली नाही.

कामाच्या चाळीसपैकी दहा मार्क फोनवरच्या एका प्रश्नाचे आहेत. तो प्रश्न क्वालिटीच्या साहेबांनी घालून दिलाय, तेव्हा कृपा करून बदलू नका. विचारायचं असं: ड्रॉइंगवर बाहेरचा व्यास 25.00 आहे, जॉब 25.04 निघाला, काय करशील?

'सेटरला बोलावतो' म्हणाला तर मुलगा प्रामाणिक आहे, पण ऑपरेटर आहे. शून्य द्या आणि नाव ऑपरेटरच्या यादीत घाला. 'प्रोग्राम बदलतो' म्हणाला तर नाव कुठल्याच यादीत घालू नका, कारण असा माणूस शिफ्ट संपेपर्यंत प्रोग्रामचं काय करून ठेवेल ते देव जाणे. 'वेअर ऑफसेटमध्ये एक्सला मायनस चाळीस मायक्रॉन टाकतो' हे बरोबर उत्तर, पूर्ण दहा. काही जण मायनस वीस म्हणतात. त्यांचा हिशोब असा की टूल एकाच बाजूने कापतं, म्हणून निम्मं. पण लेथवर एक्स साधारणपणे व्यासातच मोजतात, निम्म्याचं गणित कंट्रोल स्वतःच करतो. वीसने जॉब 25.02 निघेल. अशाला पाच द्या. मशीनवर एक जॉब काढला की तो आपोआप सुधारतो.

आता इथला ठरलेला अपवाद. उत्तर देण्याआधी मुलाने उलट विचारलं, 'टॉलरन्स किती आहे?' किंवा 'जॉब गरम असताना मोजलाय का?', तर पुढचं उत्तर काहीही येवो, दहा द्यायचे आणि त्याच आठवड्यात बोलवायचं. पंचवीस मिलिमीटरचा पोलादी जॉब मशीनमधून चाळीस अंश जास्त गरम निघाला तर व्यास एका शतांशाने, म्हणजे 0.01 ने फुगलेला दिसतो. गरम मापावर ऑफसेट दिला की जॉब थंड झाल्यावर तेवढाच अंडरसाइज होतो, आणि अंडरसाइज जॉबवर पुन्हा धातू चढवता येत नाही, तो भंगारात. हा हिशोब ज्याला सुचला, त्याला आणखी काय विचारायचं? मी एकदा विचारत बसलो होतो. साहेबांनी मागून येऊन फोन माझ्या हातातून घेतला आणि त्याला सोमवारी या म्हणून सांगितलं.

शिक्षणाचं थोडक्यात. आयटीआय मशिनिस्ट किंवा टर्नर वीस, फिटर पंधरा, डिप्लोमा बारा, इंजिनिअर पाच. हो, जितकं शिक्षण जास्त तितके मार्क कमी. सुरुवातीला तुम्हाला हे उलटं वाटेल. इंजिनिअर मुलगा सेटर म्हणून येतो आणि तिसऱ्या महिन्यात 'सर, डिझाइनमध्ये काही असेल तर बघा ना' म्हणून तुमच्या टेबलाशी उभा राहतो. अपवाद एकच: आधी आयटीआय, मग काही वर्षं शॉपवर, मग कामावरून येऊन डिप्लोमा, असा क्रम असेल तर वीस. त्याने शाळा मशीनपाशी सुरू केलीय, तो मशीन सोडत नाही.

टिकून राहण्याच्या पंधरा मार्कांकडे मात्र नीट लक्ष द्या, कारण मराठवाड्यातली निम्मी चांगली पोरं इथेच गळतात. नियम सोपा: वर्षाच्या आत सोडलेल्या प्रत्येक नोकरीचे पाच वजा. हा नियम पुण्यातल्या एका कन्सल्टंटने बसवला. नियमात खोट नाही, पण त्यांनी आपलं गेट कधी पाहिलं नव्हतं. आपल्या भागात पोरं कंपनीच्या पगारावर नसतात, कॉन्ट्रॅक्टरच्या असतात. अकरा महिने झाले की ब्रेक, म्हणजे सलग नोकरीचा हक्क सांगायला नको. ब्रेक संपला की तोच पोरगा, तेच मशीन, तोच सुपरवायझर, आणि पगाराच्या स्लिपवर नवं नाव. कागदावर तो दर वर्षी नोकरी बदलणारा भटक्या. प्रत्यक्षात त्याने डब्याचा कट्टासुद्धा बदललेला नसतो.

म्हणून अपवाद असा: कॉन्ट्रॅक्टर मोजायचे नाहीत, गेट मोजायचं. ओळखायचं कसं? पीएफची सर्व्हिस हिस्टरी मागवा. वेगवेगळ्या आस्थापना आणि मध्ये दहा-पंधरा दिवसांची फट दिसली की विचारा, 'पहिल्या दिवशी कुठल्या मशीनवर उभा होतास आणि शेवटच्या दिवशी कुठल्या?' मशीनचा नंबर एकच आला तर नोकरी एकच. खोटं बोलणारा इथे अडखळतो, कारण कंपनीचं नाव पाठ करता येतं, पण ज्या मशीनवर कधी उभंच राहिलो नाही त्याचा नंबर आयत्या वेळी सुचत नाही. आणि पीएफमध्ये सुरुवातीचं वर्ष दिसलंच नाही तर लगेच 'अनुभव खोटा' असा शेरा मारू नका. अप्रेंटिस कायद्याखालच्या मुलांना स्टायपेंड मिळतो, त्यांचा पीएफ कापला जात नाही. त्यांचं अप्रेंटिसचं सर्टिफिकेट बघा.

अंतराचाही असाच घोळ. सॉफ्टवेअर आधार कार्डावरचा पिनकोड वाचतं. हिंगोलीचा पिनकोड दिसला की त्याचा श्वास अडकतो आणि शून्य देऊन मोकळं होतं. तो पोरगा चार जणांत खोली करून नाणेकरवाडीत राहतो आणि आपल्या गेटवर सायकलने येतो. उलट पुण्यातून येणाऱ्याला पूर्ण पंधरा मिळतात, कारण बस आहे. ती बस तळेगाव चौकात किती वेळ उभी असते याला मार्क नाहीत. तेव्हा पत्ता विचारूच नका. 'सोमवारी रात्री झोपणार कुठे?' असं विचारा. महाळुंगे, कुरुळी, मेदनकरवाडी, नाणेकरवाडी असं काही आलं की पूर्ण पंधरा.

एक शीट उघडून दाखवतो, नाव वगळून. आयटीआय मशिनिस्ट, काम बत्तीस, शिक्षण वीस, रुजू होण्याचे पाच. तीन कॉन्ट्रॅक्टर, प्रत्येकाकडे अकरा महिने, म्हणून टिकण्याचे शून्य. आधार हिंगोलीचं, म्हणून अंतराचे शून्य. बेरीज सत्तावन्न, होल्ड. दोन प्रश्न विचारले. मशीन तिन्ही वेळा तेच, राहायला नाणेकरवाडी. पंधरा आणि पंधरा वाढले, सत्त्याऐंशी झाले. मधल्या तीस मार्कांत पोरगा कुठेच बदलला नव्हता.

आता नोटमधली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, साहेबांना पहिलं पान म्हणून हीच दाखवलीत तरी चालेल. सत्तावन्न खोडून सत्त्याऐंशी लिहू नका. सत्तावन्न तिथेच राहू द्या, शेजारच्या रकान्यात अपवादाचा नंबर, कोणी मंजूर केला त्याची सही आणि मग सत्त्याऐंशी. मूळ मार्क पुसले की सहा महिन्यांनी कुठला नियम चुकीचा आहे ते कळत नाही, सगळेच उमेदवार हुशार दिसतात. आणि ज्याचा पाहुणा होल्डवर अडकलाय तो माणूस तुमच्या टेबलाशी येऊन म्हणतो, 'त्याचे वाढवले, आमच्या भाच्याचे का नाही?' तेव्हा रकाना दाखवायचा.

भाच्यांचा विषय निघालाच. आसपासच्या गावांतून फोन येतील, कधी सरपंचांचा, कधी भाऊंचा, कधी ज्यांना सगळे नुसतं 'दादा' म्हणतात त्यांचा. कुठले दादा, हे विचारायचं नसतं. ठरलंय असं: शिफारशीने कॉल मिळतो, मार्क मिळत नाहीत. 'दादा, पोराला उद्या चारला फोन करते' इतकंच बोला आणि खरंच करा. पोराला ऑफसेटचा प्रश्न विचारा. बहुतेक वेळा पोरगाच म्हणतो, 'मॅडम, मला नोकरी नकोय, दादांना सांगू नका.'

रुजू होण्याच्या दहा मार्कांना दिवाळीपुरती सुट्टी आहे. बोनस हातात पडल्याशिवाय कोणी नोकरी सोडत नाही, आणि सोडणाऱ्याच्या हिशोबाचीच मला शंका येते. दसऱ्यापासून पुढे 'दिवाळीनंतर येतो' म्हणणाऱ्यालाही पूर्ण दहा. हा अपवाद दिवाळीनंतरच्या पगारापर्यंतच चालू. मागे एकदा तो होळीपर्यंत चालू राहिला होता, कारण बंद करायची तारीख कोणी लिहिली नव्हती. आता प्रत्येक अपवादापुढे संपायची तारीख आहे. कॉन्ट्रॅक्टरवाल्याची मार्चअखेर येते. ती वाढवून घ्यायला साहेबांकडे फेब्रुवारीतच जा, मार्चमध्ये त्यांना कोणीच दिसत नाही.

शेवटी फोनच्या वेळा. शॉपवर मोबाइल गेटवर जमा असतो, तेव्हा फोन न उचलणारा उमेदवार उर्मट नसतो. पहिल्या शिफ्टवाल्याला चारनंतर, दुसऱ्यावाल्याला सकाळी अकराला. तिसऱ्या शिफ्टवाल्याला सकाळी अकराला कधीही करू नका. तो झोपेत तुमच्या प्रश्नाला 'हो' म्हणेल, व्यास 25.04 असला तरी 'हो' म्हणेल. त्याला संध्याकाळी सहाला करा, चहा झाल्यावर.