पंच्याऐंशी युनिट कोणी खाल्ले?

2015 च्या दुष्काळात परळीच्या औष्णिक केंद्राला पाणी मिळेना, म्हणून ते बंद ठेवावं लागलं. वीज करायलासुद्धा पाणी लागतं, हे आमच्या बीड जिल्ह्याला तेव्हा नीट कळलं. त्यामुळे पाण्याचा थेंब न लागता गच्चीवर वीज तयार होते म्हटल्यावर इथं कोणाची समजूत घालावी लागली नाही. ऊन आमच्याकडे कधीच टंचाईत नव्हतं. फेब्रुवारी 2024 मध्ये केंद्राची सूर्यघर योजना आली, 3 किलोवॅटला 78,000 रुपये अनुदान जाहीर झालं आणि अंबाजोगाईत आमच्या गल्लीतल्या गच्च्या काळ्या-निळ्या दिसू लागल्या. बिल शून्य होणार, हे बसवणाऱ्यांनी घरोघरी सांगितलं. बिल वाचावं लागणार, हे सांगायचं तेवढं राहून गेलं.

आमचे गुरुजी निवृत्त गणित शिक्षक. गल्लीत सोलरचा पहिला मान त्यांचा आणि त्यानंतरची पहिली तक्रारही त्यांचीच. मे महिन्याचं बिल हातात नाचवत ते आले.

"अहो, माझ्या मोबाइलवर दाखवतंय, महिन्यात 350 युनिट तयार झाले. बिलावर निर्यात किती? 265. मधले 85 युनिट कोण खायलंय?"

मी विचारलं, "दुपारी कूलर चालू होता का?"

"होता की. मे महिन्यात काय बंद ठेवू?"

"मग तुम्हीच खाल्ले."

गुरुजींना हे उत्तर आवडलं नाही. पण त्यांचा मोबाइल गच्चीवरच्या इन्व्हर्टरचं ऐकतो, आणि कंपनीचं मीटर फक्त दारात उभं असतं. पॅनेलची वीज आधी घरातल्या पंख्याला, फ्रिजला, कूलरला जाते. उरली तरच दाराबाहेर पडते. मीटर मोजतं ते एवढंच बाहेर पडलेलं. घरात जिरलेले 85 युनिट त्याने पाहिलेच नाहीत, म्हणून ते बिलावर कुठल्याच रकान्यात सापडणार नाहीत. खरं तर सगळ्यात स्वस्त वीज तीच. तिच्यावर ना आकार, ना शुल्क.

मग आयात. रात्री सूर्य नसतो आणि गुरुजींच्या घरी टीव्ही, पंखे, पहाटेची मोटर असते. ती वीज तारेतून आत येते. नेट मीटरमध्ये आत येणाऱ्याचा आकडा वेगळा आणि बाहेर जाणाऱ्याचा वेगळा. दोन्ही फक्त वाढत जातात, एक दुसऱ्याला खोडत नाही. वजाबाकी बिलावर होते. मे महिन्यात आयातीचं मागचं रीडिंग 1,842, चालू 2,052, म्हणजे आत आले 210. निर्यातीचं मागचं 2,310, चालू 2,575, म्हणजे बाहेर गेले 265. गुरुजींनी कंपनीला 55 युनिट जास्तीचे दिले. एप्रिलचे 38 जमा होते. बिलावर शिल्लक 93.

"म्हणजे महिनाभरात आपण वापरली किती?" हा प्रश्न गुरुजींनीच काढला आणि उत्तरही तेच देऊन मोकळे झाले. 210 बाहेरून आलेले आणि 85 घरातच जिरलेले, एकूण 295. हा आकडा बिलावर छापलेला नसतो. म्हणून बिल हलकं दिसतं आणि माणूस दुसरा कूलर घेतो.

तरीही बिल शून्य नव्हतं. स्थिर आकार होता आणि त्यावर वीज शुल्क होतं. जोडणी आहे तोवर स्थिर आकार आहे. युनिट उणे झाले म्हणून तो लाजून निघून जात नाही. गुरुजी म्हणाले, "म्हणजे वीज मी देणार आणि वर भाडंही मीच?" मी म्हणालो, रात्री तार तुमचीच वाट बघत बसते ना.

जूनमध्ये आभाळ आलं. आयात 245, निर्यात 180. गुरुजी 65 युनिटांनी मागे पडले, पण ते शिलकीतल्या 93 मधून वळते झाले आणि 28 उरले. जुलैत ढग हटेनात. आयात 190, निर्यात 130, तूट 60. शिलकीतले 28 संपले आणि 32 युनिटांचे पैसे लागले. इथे मात्र गुरुजी खूष झाले, कारण दराचे टप्पे या 32 युनिटांवर लागतात, आलेल्या 190 वर नाहीत. शंभराच्या आतला स्वस्त टप्पा.

ज्यांच्या घरी असा गणिताचा माणूस नाही, त्यांची पंचाईत वेगळी. शेजारच्या एकांच्या बिलावर एका महिन्यात निर्यातीचा रकाना रिकामा आणि आयात सरासरीने लावलेली. रीडिंग घेतलंच नव्हतं, म्हणजे अख्ख्या महिन्याचं ऊन कागदावर उगवलंच नाही. दुसऱ्या एकांची मागची शिल्लक नव्या बिलात शून्य होऊन आली. हे ओळखायला दोनच गोष्टी लागतात: मागच्या बिलाची अखेरची शिल्लक या बिलाच्या सुरुवातीला तशीच उतरली आहे का, आणि बिलावरचे चालू आकडे मीटरच्या पडद्यावरच्या दोन आकड्यांच्या जवळपास आहेत का. मीटरचं बटण दाबत गेलं की ते दोन्ही आकडे फिरत येतात. महिन्याच्या एका ठरलेल्या तारखेला फोटो काढून ठेवणाऱ्याशी कार्यालयातले लोकही जरा सांभाळून बोलतात.

निर्यात घटली म्हणजे दर वेळी कागदाचीच चूक असते असंही नाही. आपल्याकडे दुपारी लाइट जाते, आणि लाइट गेली की बॅटरी नसलेलं सोलरही बंद पडतं. खांबावर चढलेल्या वायरमनला आपल्या गच्चीवरून शॉक बसू नये म्हणून इन्व्हर्टर स्वतःच थांबतो. डोक्यावर भर ऊन, गच्चीवर लाखाचा माल आणि खाली गुरुजी पुठ्ठ्याने वारा घेतायत, हे दृश्य मी पाहिलं आहे.

पण खरी गंमत मार्चची. आमच्याकडे ऊसतोडीचा हिशोब सगळ्यांना ठाऊक आहे: मुकादमाची उचल घ्यायची, हंगामात फेडायची, नाही फिटली तर बाकी पुढच्या साली. ती बाकी कधी मरत नाही. सोलरमध्ये उचल आपण कंपनीला देतो, आणि ही बाकी मात्र 31 मार्चला मरते. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या 2019 च्या विनियमांनुसार आर्थिक वर्षाअखेर उरलेले युनिट कंपनी आयोगाने मान्य केलेल्या दराने विकत घेते आणि 1 एप्रिलला खातं शून्यापासून सुरू होतं. हा दर आपण बिलात मोजतो त्याहून कमी असतो. हिशोबाचं वर्ष ठरवणाऱ्यांनी मराठवाड्याचा उन्हाळा पाहिला नसावा. फेब्रुवारी-मार्चला आभाळ स्वच्छ, कूलर अजून माळ्यावर, शिल्लक भराभर वाढते. आणि जेव्हा ती लागणार, त्या एप्रिलच्या तोंडावर पाटी कोरी.

गुरुजींनी मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात बिल पाहिलं. शिल्लक 140. कंपनीला स्वस्तात देण्यापेक्षा घरातच संपवू, असं त्यांनी ठरवलं. गीझर दोन वेळा, डाळी-मिरच्या घरच्या गिरणीवर, शेजाऱ्यांचंही दळण फुकट. तरी आकडा हलेना. शेवटी पुण्याच्या लेकीला फोन लावला: मुलांना घेऊन ये, एसी लावतो, दिवसरात्र चालवा, फक्त 31 तारखेच्या आत या.

लेक म्हणाली, "आण्णा, पोरांच्या परीक्षा आहेत. एक एप्रिलला निघतो, चांगला दीड महिना राहतो."