जर, तर आणि कोथरूडचा प्लॉट

आमच्या सोसायटीत संध्याकाळी माझ्याकडे इंग्रजी शिकायला येणारी बहुतेक मंडळी सत्तरीच्या आसपासची आहेत. मुलं परदेशात आणि नातवंडांना मराठी समजतं, पण उत्तरं इंग्रजीतून येतात, म्हणून हा खटाटोप. काळ, वचन, अ-अ‍ॅन-द ही घाटातली वळणं आम्ही धापा टाकत का होईना, पार केली. जर-तरपाशी मात्र सगळे अडून बसले. अडवलं त्यांच्या अस्खलित मराठीनंच.

बँकेतून निवृत्त झालेल्या अण्णांचंच बघा. त्यांनी मुलीला फोनवर मोठ्या प्रेमानं सांगितलं, ‘इफ यू केम इन डिसेंबर, वी विल गो टू कोकण.’ स्पीकरवर ऐकणाऱ्या नातवानं आईला हळूच विचारलं, आपण गेलेलं आजोबांना नकोय का?

अण्णा हवालदिल. पण त्यांचं वाक्य मराठीतून बघितलं तर बिनचूक होतं. आपण ‘तुम्ही आलात तर कोकणात जाऊ’ म्हणतो. पाहुणे अजून विमानातही बसलेले नसतात, तरी क्रियापद ‘आलात’, म्हणजे भूतकाळाच्या कपड्यांत. आपल्याकडे हे कपडे खऱ्याखुऱ्या शक्यतेलाही चालतात. ‘पाऊस आला तर’, ‘दूध नासलं तर’, ‘जावईबापू रुसले तर’, सगळं पुढे घडू शकणारं. इंग्रजीत अशा शक्यतेला साधा वर्तमानकाळ लागतो: ‘इफ यू कम’. भूतकाळाचं रूप त्यांनी ‘हे काही व्हायचं नाही हं’ असं सुचवायला राखून ठेवलंय. त्यामुळे अण्णांचं आमंत्रण नातवाच्या कानात ‘तुम्ही कुठले यायला, पण समजा आलात…’ असं वाजलं.

मग मराठीत न होणाऱ्या गोष्टी आपण कशा सांगतो? ‘असता’ लावून. शाळेत स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ असे क्रियापदाचे चार अर्थ घोकून घेत. त्यातला हा चौथा. ‘आला तर’ आणि ‘आला असता तर’ यांत अख्ख्या आयुष्याचं अंतर आहे. मी वर्गाला एक सोपी युक्ती दिली. वाक्य संपल्यावर मनात ‘बघू’ म्हणता आलं, तर शक्यता जिवंत आहे. ‘पण’ म्हणून सुस्कारा सोडावासा वाटला, तर ती मेली. पाऊस आला तर येणार नाही, बघू. पाऊस आला असता तर पीक वाचलं असतं, पण.

ही युक्ती आपल्या कल्पनाप्रधान निबंधांना लावून बघाच. ‘मी पंतप्रधान झालो तर’ हा विषय पिढ्यान्‌पिढ्या असाच लिहिला जातो. ‘झालो असतो तर’ कोणी लिहीत नाही. म्हणजे सहावी ‘ब’च्या वर्गात बाकांवर पन्नास भावी पंतप्रधान बसलेले असतात आणि व्याकरणाला त्यात काही अशक्य वाटत नाही. त्याच वहीत पुढचा निबंध असतो ‘परीक्षा नसत्या तर’. इथे मात्र ‘नसत्या’! मुलाला पंतप्रधानपद आवाक्यातलं वाटतं, परीक्षा रद्द होणं नाही. इंग्रजीत पंतप्रधानपदाचं स्वप्नही बहुधा ‘इफ आय वेअर’नंच सुरू होतं. आमच्या लोकशाहीवरचा हा एवढा विश्वास कोणत्याही जाहीरनाम्यात सापडायचा नाही.

पाट्यांवरचं जर-तर आणखी वेगळं. ‘येथे थुंकल्यास दंड होईल.’ रूप अस्सल शक्यतेचं, ‘बघू’ म्हणण्याजोगं. फक्त यातला पहिला अर्धा खरा होतो आणि दुसरा काल्पनिक राहतो. अशा वाक्याला व्याकरणात नाव नाही.

असो. ‘असता’वर गाडी आली आणि अण्णांचा कोथरूडचा प्लॉट वर्गात आला. पुण्यातल्या प्रत्येक घरात असा एक न घेतलेला प्लॉट असतो. कोथरूडला शेतं होती तेव्हा कुणीतरी तो देऊ करतं आणि घरातलं कुणीतरी म्हणतं, एवढ्या लांब जाऊन राहायचं कुणी? अण्णांनी वहीत लिहिलं, ‘इफ आय वुड हॅव मनी, आय वुड हॅव बॉट द प्लॉट.’

या चुकीतही मराठीच. आपण दोन्ही बाजूंना सारखं तोरण बांधतो: ‘पैसे असते तर प्लॉट घेतला असता.’ इकडे असते, तिकडे असता. म्हणून अण्णांनी इकडे वुड, तिकडेही वुड दिलं. इंग्रजीत वुड ‘तर’च्या बाजूला शोभतं. ‘जर’च्या बाजूला क्रियापद फक्त काळात एक पायरी मागे सरकतं. शिवाय आपलं ‘पैसे असते तर’ आजच्या कडकीलाही चालतं आणि चाळीस वर्षांपूर्वीच्याही. आज की तेव्हा, ते शेजारच्या शब्दांवरून कळतं. इंग्रजी इथे हिशेब मागतं. आज नाहीत, तर ‘इफ आय हॅड मनी’. तेव्हा नव्हते, तर ‘इफ आय हॅड हॅड मनी’. दुसरं मी फळ्यावर लिहिलं तेव्हा तळमजल्यावरच्या काकू म्हणाल्या, ‘बाई, हॅड दोनदा आलंय, एक पुसा.’

अण्णांना आता अख्खी साखळी हवी होती. ‘तेव्हा पैसे असते तर प्लॉट घेतला असता आणि प्लॉट घेतला असता तर आज मी इथे बसलो नसतो.’ पहिला जोड सरळ: इफ आय हॅड हॅड मनी, आय वुड हॅव बॉट इट. दुसऱ्यात मेख आहे. कारण तेव्हाचं, परिणाम आजचा. म्हणून ‘जर’ची बाजू मागेच राहते आणि ‘तर’ची आजवर येते: इफ आय हॅड बॉट इट, आय वुड नॉट बी हिअर. इथे वुड नॉट हॅव बीन म्हटलं तर ते मागे कधीतरी इथे बसण्याबद्दल होईल, आणि अण्णांचं दुःख तर आत्ता या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसलेलं होतं.

शेजारीच बसलेल्या वहिनींना, म्हणजे अण्णांच्या सौभाग्यवतींना, या साखळीत स्वतःचं नाव ऐकू येत होतं. ‘तुम्ही मला विचारलं असतंत तर मी हो म्हटलं असतं,’ त्या म्हणाल्या. वरवर साधं वाक्य. पण ‘विचारलं असतंत’ या दोन शब्दांत ‘तुम्ही विचारलं नाहीत’ हा आरोप बसलेला असतो, तोही पुराव्याशिवाय. तुम्ही ‘हो म्हटलं असतंस की नाही’ यावर वाद घालायला लागलात की आरोप मान्यच केलात. अशा वेळी ‘तर’ला हात न लावता ‘जर’ धरायचा असतो. अण्णांनी बरोबर तोच धरला: ‘विचारलं होतं!’

‘कधी?’

यापुढचा संवाद दोघांनीही निव्वळ स्वार्थात केला. व्याकरणातल्या स्वार्थाबद्दल बोलतेय मी.

भांडण निवल्यावर मी गृहपाठ दिला: उद्यासाठी प्रत्येकानं एक खरं आणि एक खोटं जर-तर लिहून आणायचं. काकूंनी पिशवी उचलत तोंडीच देऊन टाकलं, ‘इफ इट रेन्स, आय विल नॉट कम.’

अगदी बरोबर. ‘आणि नाही आला तर?’

‘बघू.’