हातात किती पडतात?

लग्नाच्या पंगतीत जिलेबी वाढली जात असताना दूरच्या काकांकडून येणारा "हातात किती पडतात रे?" हा प्रश्न वरकरणी आपुलकीचा असला, तरी त्याचे उत्तर मठ्ठा संपण्यापूर्वी शेवटच्या पानापर्यंत पोहोचत असल्याने, पगारदार तरुणांनी त्यावर योजलेल्या उपायांत तपशिलाचा उपाय सर्वांत गुणकारी मानावा लागतो. "काका, पॅकेज वेगळं आणि हातात येणारं वेगळं," अशी नम्र सुरुवात करून, पॅकेज म्हणजे कर्मचाऱ्यामागे कंपनीला वर्षभरात येणारा एकूण खर्च, ज्यात भविष्य निर्वाह निधीतील कंपनीचा वाटाही धरलेला असतो, हे सावकाश समजावले जाते. तरीही काका हलले नाहीत, तर महाराष्ट्रातील व्यवसाय कराकडे, म्हणजे नोकरी-धंद्यावर राज्य सरकार घेत असलेल्या कराकडे, वळावे. तो दरमहा 200 रुपये, फेब्रुवारीत मात्र 300, असा वर्षाला 2500 रुपये कापला जातो, आणि ठरावीक मर्यादेपुढे पगार तीस हजार असो वा तीन लाख, तो सारखाच असल्याने हा आकडा बिनदिक्कत सांगता येतो. फेब्रुवारीच का, या उपप्रश्नात मूळ प्रश्न बहुधा हरवतो.

निवृत्त बँक अधिकाऱ्यांपुढे मात्र ही युक्ती जपून वापरावी; निधीपोटी कापलेले रुपये चुकून तोंडून गेले, तर ती कपात मूळ वेतनाच्या 12 टक्के धरून ते हात धुण्याआधी उलटा हिशेब मांडतात आणि वर विचारतात, "मग आता लग्नाला काय हरकत आहे?"