येन नोटांमुळे पडला नाही

मध्यवर्ती बँकेने नोटा छापल्या, पैसा वाढला, म्हणून चलन पडलं. क्वांटिटेटिव्ह ईझिंगबद्दल आपल्याकडे चर्चेत ऐकू येणारं हे ठरलेलं वाक्य आहे, आणि ते अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं समजून घ्यायचं तर जपानकडे पाहावं लागतं, कारण त्या देशाने हा प्रयोग दोनदा केला आणि दोन्ही वेळा निकाल वेगळा लागला.

पहिली खेप 2001 ते 2006 ची. बँक ऑफ जपानने व्यापारी बँकांच्या आपल्याकडच्या खात्यांतल्या शिलकीचं लक्ष्य 5 लाख कोटी येनवरून वाढवत 30 ते 35 लाख कोटींवर नेलं. म्हणजे सहा-सात पट. सुरुवातीला डॉलरला 120 येनच्या आसपास दर होता. धोरण संपलं तेव्हा तो 117 च्या आसपास होता. पैशाच्या पुरानेच चलन वाहून जात असतं, तर येन तेव्हाच बुडायला हवा होता.

तो का बुडाला नाही? मध्यवर्ती बँक रोखे विकत घेते तेव्हा विकणाऱ्या बँकेच्या तिच्याकडच्या खात्यात रक्कम जमा होते. ती रक्कम त्या खात्यांमध्येच फिरत राहते. कोणी कर्ज मागितलं आणि बँकेने दिलं, तरच बाजारात नवा पैसा येतो. जपानी कंपन्या तेव्हा जुनी कर्जं फेडण्यात गुंतल्या होत्या, नवी घ्यायला तयार नव्हत्या. शिवाय बराचसा भर अल्पमुदतीच्या कागदांवर होता आणि त्यांवरचं व्याज आधीच शून्यावर आलेलं होतं. शून्य व्याजाचा कागद देऊन शून्य व्याजाची शिल्लक घेतल्याने कोणाच्याही वागण्यात काही फरक पडत नाही.

दुसरी खेप 4 एप्रिल 2013 ला सुरू झाली. गव्हर्नर हारुहिको कुरोदा यांनी दोन वर्षांत मूळ पैसा दुप्पट करण्याचं जाहीर केलं. पण खरी मेख होती ती कोणते रोखे घ्यायचे यात. आता अगदी 40 वर्षं मुदतीचे रोखेसुद्धा खरेदीच्या यादीत आले. घेतल्या जाणाऱ्या रोख्यांची सरासरी मुदत तीन वर्षांहून कमी होती, ती सुमारे सातवर नेली. आयुर्विमा कंपन्या आणि पेन्शन निधी ज्या लांब मुदतीच्या रोख्यांवर जगतात, तेच उचलले जाऊ लागले. मूळ पैसा 2014 च्या अखेरीस ठरल्याप्रमाणे दुप्पट झाला, पण लोकांच्या आणि कंपन्यांच्या खात्यांतला पैसा वर्षाला जेमतेम तीन-चार टक्क्यांनीच वाढत होता. तरी येन घसरला. 2012 च्या नोव्हेंबरात तो 80 च्या आसपास होता, 2013 च्या मे महिन्यात त्याने शंभरी ओलांडली. निम्म्याहून अधिक घसरण तर खरेदी सुरू होण्याआधीच, शिंझो आबेंची सत्ता आणि धोरण दोन्ही येणार या अपेक्षेनेच झाली होती.

हे परताव्याच्या शोधाचं काम. 31 ऑक्टोबर 2014 चा दिवस पाहा. त्या दिवशी कुरोदांनी रोखे खरेदी वर्षाला 80 लाख कोटी येनपर्यंत वाढवली आणि त्याच दिवशी जपानच्या सरकारी पेन्शन निधीने देशी रोख्यांचा वाटा 60 टक्क्यांवरून 35 वर आणण्याचं, परदेशी शेअरचा 12 वरून 25 वर नेण्याचं जाहीर केलं. जपानच्या दहा वर्षांच्या रोख्यावर अर्धा टक्काही मिळत नव्हता, अमेरिकेच्या रोख्यावर दोनाहून अधिक. पेन्शन द्यायची तर पैसा बाहेर नेणं भाग, आणि बाहेर नेताना येन विकून डॉलर घ्यावेच लागतात. चलन पडतं ते या विक्रीने. 2015 च्या जूनमध्ये डॉलर 125 येनपर्यंत चढला.

मर्यादाही जपाननेच दाखवली. 2016 च्या जानेवारी अखेरीस बँकेने उणे 0.1 टक्के व्याज जाहीर केलं. येन 121 पर्यंत घसरला आणि दोन आठवड्यांत 111 च्या आसपास वधारला. जगभर बँकांच्या प्रकृतीची धास्ती पसरली होती, अमेरिकेत व्याजवाढ लांबेल असं वाटू लागलं होतं, आणि गुंतवणूकदार परताव्यापेक्षा सुरक्षितता शोधू लागले. खरेदी तीच, छपाई तीच, पण परतफेरीला निघालेल्या पैशाने येन वर नेला.

आपला मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचा जपानी कर्जाचा व्यवहार याच आकड्यांतून वाचायला हवा. व्याज 0.1 टक्के, मुदत 50 वर्षं, आणि परतफेड येनमध्ये. स्वस्त व्याजाचं कौतुक पुष्कळ झालं. येन-रुपया दराची जोखीम मात्र पन्नास वर्षं आपल्या खात्यावर आहे. तिचा हिशेब संबंधितांनी दरवर्षी जाहीर करावा.