रोडग्याचं गणित

कौंडण्यपूर म्हणजे रुक्मिणीचं माहेर. श्रीकृष्णानं तिला इथूनच पळवून नेलं म्हणतात. मधुमेह्याला मात्र इथून कुणी पळवून नेत नाही. त्याला पानावर बसवून "घ्या ना जी, देवाचं हाये" म्हणत एकाला दोन रोडगे वाढतात.

वऱ्हाडाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. रोडगा म्हणजे कणकेच्या पाऱ्या एकात एक घालून, तेलाचं बोट लावून वळलेला गोळा. तो गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजतात, राख झटकतात, फोडतात आणि वरून तूप ओततात. सोबत वांग्याची भाजी आणि वरण. दिसायला तो गरीब, मुठीएवढा असतो. पोळीसारखा पसरलेला नसल्यानं त्यात किती कणीक दडली आहे ते डोळ्यांना कळत नाही, आणि सगळी गोम इथंच आहे.

डोळ्यांवर विसंबणं मी सोडलं आहे. हॉटेलातला आलूबोंडा नजरेनं मोजता येतो: आत बटाटा, बाहेर बेसन, मध्यम आकाराचा असेल तर वीसेक ग्रॅम कार्ब. रोडग्याला एकच औषध, आचाऱ्याला गाठायचं. वर्धेच्या काठी एका पंगतीत मी चुलीजवळ जाऊन विचारलं, "भाऊ, कणीक किती भिजवली?"

"दहा किलो. काहून जी, कमी पडते का काय?"

"नाही. रोडगे किती झाले?"

"सव्वाशे झाले असतीन. तुम्ही अन्नखात्यातले हाये का?"

नाही म्हटल्यावर त्याच्या जिवात जीव आला. मी मात्र भागाकारात गुंतलो. दहा किलोचे सव्वाशे, म्हणजे रोडग्यामागे ८० ग्रॅम कणीक. कणकेत ढोबळमानानं शंभराला ७० कार्ब धरावेत, म्हणजे एका रोडग्यात ५५ च्या आसपास. घरची पोळी २५ ग्रॅम कणकेची, म्हणजे हा गरीब गोळा तीन पोळ्यांहून जास्त! वाटीभर घट्ट वरणाचे १५ आणि बटाटा न घातलेल्या वांग्याच्या भाजीचे ७ वेगळेच.

आता पुढची पायरी. किती ग्रॅमला आपली साखर किती चढते, हे प्रत्येकाचं निराळं असतं. ते पुस्तकात सापडत नाही, आपल्याच वहीत सापडतं. घरच्या मोजक्या जेवणाआधी आणि जेवायला बसल्यापासून दोन तासांनी असे आकडे काही वेळा लिहिले की पत्ता लागतो. माझी साखर माझ्या गोळ्यांवर ग्रॅमला साधारण एकानं चढते. पंगतीआधी मशीननं १२२ दाखवले. आख्खा रोडगा घेतला तर ७७ ग्रॅम, म्हणजे १९९. अर्धा घेतला तर ५० ग्रॅम, म्हणजे १७२. मला दोन तासांनी १८० च्या आत राहायचं होतं, म्हणून अर्ध्यावर तह केला. बायकोनं उरलेला अर्धा स्वतःच्या पानात घेतला आणि "पाप माझ्या पदरी" म्हणत वर तूपही मागितलं.

दोन तासांनी आकडा आला १४८. मी तर लगेच दुसऱ्या अर्ध्याची चौकशी करायला उठलो. बायको म्हणाली, "बसा. तूप अजून बोललं नाही." तिचं खरं होतं. तुपामुळं पोट सावकाश रिकामं होतं, त्यामुळं साखर उशिरा चढते. साडेतीन तासांनी मशीन १७६ म्हणालं. अंदाज बरोबर होता, फक्त गाडी लेट होती. तेव्हा तुपातल्या-तेलातल्या जेवणानंतर दोन तासांच्या आकड्यावर हुरळून जाऊ नये, आणखी एकदा टोचावं. इन्सुलिन घेणाऱ्यांनी तर या उशिराचं काय करायचं ते डॉक्टरांनाच विचारावं.

चारपाच आकड्यांच्या फरकावरून मशीनशी भांडू नका. चांगलं मशीनही शंभराच्या वर १५ टक्के इकडंतिकडं बोलू शकतं, आणि तेवढी मुभा त्याला नियमानंच आहे. पण आकडा एकदम आभाळाला भिडला तर आधी बोट पाहा. आमच्या पंगतीतल्या एका काकाजींचं मशीन ३४० म्हणालं. घरची मंडळी घाबरली, कुणी गाडी काढा म्हणालं. काकाजी शांतपणे जिलेबीची बोटं चाटत बसले होते. साबणानं हात धुऊन, पुसून पुन्हा टोचलं तर १९०. पाक रक्तात नव्हता, बोटावर होता.

तेव्हा कौंडण्यपूरला आलात तर दर्शन झाल्यावर आणि पान मांडायच्या आधी चुलीकडं एक चक्कर मारा. किती किलो आणि किती रोडगे, एवढंच विचारा. आचारी तुम्हाला अन्नखात्याचे समजला तर समजू द्या, भाजीत वांगी जरा जास्त पडतात.