'वरीलप्रमाणेच' या चौकटीस अनावृत पत्र

प्रति,
मा. चौकटबाई,
'पत्रव्यवहाराचा पत्ता कायमच्या पत्त्याप्रमाणेच आहे',
मुक्काम पोस्ट सर्व ऑनलाइन अर्ज.

विषय : आपली थोरवी आम्हांस उशिरा कळल्याबाबत.

महोदया,

आम्ही पुण्याच्या सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहणारी माणसं. आमच्या मालकीची जागा म्हणजे सहा फूट बाय अडीच फूट, शिवाय कॉटखाली ट्रंक मावेल तेवढी. तीही महिन्याच्या पाच तारखेपर्यंत भाडं दिलं तरच. अशा जागेला आपल्या अर्जात 'पत्ता' म्हणतात आणि त्याच्यापुढे पिनकोडसाठी सहा खाने असतात, हा आमचा मोठाच सन्मान आहे. गावाकडे कोणी विचारलं तर आम्ही '४११०३०' असं ऐटीत सांगतो.

आपल्यावर एक टिचकी मारली की गावचा पत्ता खालच्या रकान्यात आपोआप उतरतो. आळशी मुलं एवढंच करतात आणि पुढच्या पानावर जातात. आमच्या खोलीत मात्र एक प्रामाणिक मुलगा होता, लातूर जिल्ह्यातला. केंद्र सरकारच्या कारकुनी पदाचा अर्ज भरताना तो म्हणाला, 'मी राहतो इथं, मग गावचा पत्ता कसा देऊ? खोटं होईल ना!' त्यानं आपल्याला हात लावला नाही. पेठ, गल्ली, घर नंबर, जवळचा मारुती, सगळं बैजवार टाइप केलं. मारुती शेवटी बसला नाही, कारण रकान्याची अक्षरमर्यादा संपली. पेठेतल्या पोस्टमनला घर नंबरापेक्षा मारुती आधी कळतो, हे आपल्या खात्याला कोण सांगणार?

पुढं दोन वर्षं त्या पत्त्याला कोणी विचारलं नाही. प्रवेशपत्र वेबसाइटवरून उतरवायचं, उत्तरतालिका तिथंच, निकालही तिथंच. पत्ता म्हणजे नुसती शोभेची वस्तू, असं आम्हा सगळ्यांचं मत झालं. मधल्या काळात त्या मुलानं दोन खोल्या बदलल्या. एकदा भाडं वाढलं म्हणून आणि एकदा ढेकूण झाले म्हणून. मोबाइलचं जुनं सिमही रिचार्ज न केल्यानं बंद पडलं. निवड यादीत नाव आलं तेव्हा पेढे वाटले, आणि नियुक्तीचं पत्र येईल म्हणून तो तिसऱ्या खोलीत वाट बघत बसला.

पत्र आलंही, पण पहिल्या खोलीवर. तिथं आता नांदेडची मुलं राहत होती. दिवसभर सगळे अभ्यासिकेत, त्यामुळे दाराला कुलूप. पोस्टमन घंटी वाजवून सूचना टाकून गेला. ती जाहिरातींच्या कागदांबरोबर कचऱ्यात गेली. दुसऱ्या खेपेला मालकीणबाई भेटल्या. त्यांनी खरं तेच सांगितलं, की असा कोणी इथं राहत नाही. पाकिटावर 'पत्ता सोडून गेला' असा शेरा पडला आणि ते पाठवणाऱ्याकडे परत गेलं. आत लिहिलं होतं, तीस दिवसांत रुजू व्हा, नाहीतर नियुक्ती रद्द समजावी. यादीतल्या दुसऱ्या एका मुलाचा रुजू झाल्याचा फोटो ग्रुपवर पडला म्हणून ह्याला जाग आली. तोवर आठवडाच उरला होता. त्यानं कार्यालय गाठलं, अर्ज क्रमांक आणि पत्ता बदलल्याची तारीख लिहून मुदतवाढ मागितली. साहेब म्हणाले, 'पत्ता तुम्हीच दिला होता ना?' ह्यावर काय बोलणार? मुदतवाढ मिळाली, हे त्याचं नशीब.

आळशी मुलांची पत्रं मात्र गावी वेळेवर पोचली होती. गावात डाकसेवकाला बापाच्या नावावरून घर कळतं, आणि घरी कोणी नसलं तर शेजारी निरोप देतात. तिथं आम्हाला उमगलं, बाई. आपण विचारता ते 'झोपता कुठं' हे नाही, तर 'पत्र कुठं धाडू' एवढंच. त्याचं खरं उत्तर म्हणजे जिथं दोन-तीन वर्षांनीही कोणी सही करून पाकीट घेईल ती जागा. गावी तसं कोणी नसेल, तर दिवसभर उघडं दुकान असलेल्या मामाच्या नावानं 'द्वारा' लिहिलेलं बरं; अर्थात मामाला विचारून. आणि अर्जाची मुदत संपल्यावर नुसतं प्रोफाइलमध्ये पत्ता बदलून स्वस्थ बसू नये. आधी भरलेल्या अर्जात तो बहुतेक ठिकाणी आपोआप बदलत नाही. जाहिरात क्रमांक आणि नोंदणी क्रमांक घालून कार्यालयाला लेखी कळवावं आणि पोच जपून ठेवावी.

इथवर आपला जयजयकार. पण नोकरी लागल्यावर आपली एक थोरली बहीण भेटते, तिचं नाव साक्षांकन नमुना. हा पोलीस पडताळणीचा कागद. त्यात विचारतात, गेल्या पाच वर्षांत जिथं जिथं सलग एक वर्षाहून जास्त राहिलात त्या जागा लिहा, कधीपासून कधीपर्यंत तेही लिहा. आपली सवय लागलेला माणूस इथंही मनातल्या मनात 'वरीलप्रमाणेच' म्हणतो आणि पाचही वर्षं गावी काढतो. आमच्या मित्राचाही पेन त्याच वाटेनं निघाला होता; पहिल्या खेपेला प्रामाणिकपणा अंगलट आला होता ना! पण ह्या नमुन्याच्या डोक्यावरच छापलेलं असतं, की खोटी माहिती देणं किंवा माहिती दडवणं ही अपात्रता ठरते. शिवाय पडताळणीला गावात हवालदार येतो आणि पोलीस पाटलाला विचारतो. पाटील बिचारा कौतुकानं सांगतो, 'हुशार पोरगं, तीन वर्षं झाली पुण्यातच असतंय!' झालं. पोरावर गुन्हा काही नाही, पण कागद खोटा.

मग आम्ही रात्री बसून हिशेब मांडला. पहिली दोन वर्षं गाव, ती लिहायची. पहिली खोली १४ महिने, तीही लिहायची. दुसरी ८ महिने, ती त्या रकान्यात येत नाही. तिसरी १४ महिने, लिहायची. तारखा कुठून आणल्या? भाड्याच्या ऑनलाइन पावत्यांवरून. पहिल्या मालकीणबाईंकडे राहिल्याचा दाखला मागितला, तर त्या म्हणाल्या, 'करार कुठंय?' कराराचं खरं तर त्यांनीच बघायचं होतं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी जागामालकाची आहे. अकरा महिन्यांचा केला की नोंदणी लागत नाही, ही पेठेतली समजूत ह्या राज्यात चालत नाही. पण एका खोलीत सात कॉट लावणारे मालक सात करार नोंदवतील, अशी आशा करणंही बरं नाही. शेवटी मेसवाल्या काकूंनी आणि अभ्यासिकेच्या मालकानं 'हा इथं होता' म्हणून चौकशीला तोंडी दुजोरा दिला. अभ्यासिकेच्या फीच्या पावत्या त्या दिवशी पुस्तकांपेक्षा कामी आल्या.

तेव्हा विनंती अशी, की आपल्या शेजारी आणखी एक लहानशी चौकट बसवून घ्यावी : 'ह्या पत्त्यावर दिवसा दार कोण उघडतं?' पिनकोडच्या एखाद्या खान्याची जागा लागली तर आमची हरकत नाही.

कळावे,
आपला,
खिडकीकडच्या कॉटवरचा

ता. क. : घर नंबरातली तिरकी रेघ आपल्या पोर्टलला 'विशेष चिन्ह' म्हणून चालत नाही. त्यामुळे १२३४/५ चं १२३४५ होतं आणि पोस्टमन भलत्याच वाड्यात शिरतो. आम्ही हल्ली तिथं मोकळी जागा सोडतो. ती तरी चालू द्यावी.